सांधा लपला, पण गाठ दिसली

एका फ्लॅटच्या हॉलचं रेंडर मी क्लायंटला पाठवलं होतं. सोफा, पडदे, खिडकीतून आलेलं ऊन, सगळं मनासारखं जमलं होतं. घरमालकीणबाईंनी फोटो मोठा करून पाहिला आणि विचारलं, "जमिनीवर हे डोळे कसले आहेत हो?" मी पाहिलं. लाकडातली एक काळसर गाठ, बाजूला वळलेली रेष, खाली छोटा डाग. तीच गाठ, तीच रेष, तोच डाग, मोजून नऊ वेळा, सरळ रांगांमध्ये. टेक्स्चर, म्हणजे जमिनीवर पुन्हा पुन्हा लावायचं लाकडाचं चित्र, मीच बनवलं होतं, आणि त्याचा सांधा कुठेही दिसत नव्हता, याचा मला अभिमानही होता.

सांधा न दिसणं आणि पुनरावृत्ती न दिसणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे मला तेव्हा नीट कळलं. कापडावर ठशाने छपाई करणारा कारागीर ठसा असा कोरतो की एका छाप्याची उजवी कड पुढच्या छाप्याच्या डाव्या कडेला बेमालूम मिळते. पण छापे एकसारखेच आहेत हे कुणीही सांगू शकतं. कापडात ते चालतं, उलट तिथे तेच हवं असतं. लाकडी जमिनीत ते चालत नाही, कारण कुठल्याही दोन फळ्या हुबेहूब सारख्या नसतात हे आपल्या डोळ्यांना ठाऊक असतं.

कडा जुळवण्याचं काम फारसं अवघड नाही. जिंपमध्ये Layer → Transform → Offset उघडायचं, चित्र अर्ध्या रुंदीने आणि अर्ध्या उंचीने सरकवायचं. कडा मध्यभागी येतात, तिथला जोड क्लोन किंवा हील ब्रशने पुसायचा, की टाइल तयार. गवत, वाळू, सिमेंट यांच्यासाठी हे पुरतं. लाकडी फळ्यांच्या बाबतीत मात्र हा उपाय उलटा पडतो. जोड पुसताना फळीची धार पुसट होते, रेषा मध्येच वाकतात, आणि ब्रशने ओढलेला तुकडा आणखी एक ओळखू येणारी खूण बनून बसतो.

खरं तर लाकडी जमिनीने आपलं काम आधीच सोपं करून ठेवलेलं असतं. तिच्यात सांधे असतातच! प्रत्येक फळी संपते तिथे रेषा तुटणारच, तो तुटलेपणा कुणाला खटकत नाही. म्हणून संपूर्ण फोटोची टाइल करण्यापेक्षा फळी हाच एकक धरायचा. सुट्या फळ्यांचे फोटो घ्यायचे आणि जमीन बसवणारा कारागीर जशी पट्टी पट्टी जोडत जातो तशी कॉम्प्युटरवर जोडायची.

आधी टाइलचा आकार ठरवा

बहुतेक जण इथेच फसतात, मीही फसलो होतो. माझी टाइल होती 4096 पिक्सेलची आणि ती मी दीड मीटर जमिनीवर ताणली होती. म्हणजे मीटरला साधारण 2700 पिक्सेल. एवढी बारकाई रेंडरमध्ये दिसते तरी का, हे मी कधी मोजलंच नव्हतं.

मोजणं सोपं आहे. कॅमेरा सरळ समोर पाहतोय, वर-खाली झुकलेला नाही, जमिनीपासून 1.4 मीटरवर आहे आणि चित्र 16:9 मापाचं आहे असं धरा. चित्राच्या खालच्या कडेला जी जमीन दिसते ती कॅमेऱ्याच्या सगळ्यात जवळची. त्या अंतरावर चित्राच्या मध्यापासून खालच्या कडेपर्यंत 1.4 मीटर मावतात, म्हणजे पूर्ण उंचीत 2.8 मीटर आणि पूर्ण रुंदीत 2.8 गुणिले 16 भागिले 9, म्हणजे जवळपास 5 मीटर. गंमत म्हणजे यात लेन्सचा काही संबंध येत नाही. वाइड लेन्स लावली तर ती जमीन कॅमेऱ्याच्या जवळची असते, टेली लावली तर लांबची, पण रुंदी तेवढीच राहते.

आता 1920 पिक्सेल रुंद चित्रात 5 मीटर जमीन मावते, म्हणजे मीटरला 384 पिक्सेल. दुप्पट मोठं, 3840 रुंदीचं रेंडर काढलं तरी 768. आणि ही सगळ्यात जवळची जमीन झाली, मागे जाल तशी गरज कमीच होते. मग 2700 पिक्सेलची चैन कशासाठी? तेच 4096 पिक्सेल 4.8 मीटरवर पसरले तर मीटरला 853 मिळतात, म्हणजे मोठ्या रेंडरलाही पुरून उरतात.

आमचा हॉल होता अठरा बाय बारा फुटांचा, म्हणजे सुमारे 5.5 बाय 3.65 मीटर. टाइल 4.8 मीटरची केल्यावर आडव्या दिशेने पुनरावृत्तीच होत नाही आणि लांबीच्या दिशेने जेमतेम 70 सेंटीमीटरचा पट्टा पुन्हा येतो. टेक्स्चर थोडं सरकवून तो पट्टा टीव्ही युनिटखाली किंवा कॅमेऱ्याच्या मागे ढकलता येतो. पुढची सगळी खटपट करायच्या आधीच नऊ डोळ्यांचा एक झाला असता.

कॅमेरा खाली झुकवला, किंवा गालिच्यावरच्या चपलांचा क्लोज-अप घ्यायचा असेल, तर हे गणित लागू पडत नाही. तिथे जास्त पिक्सेल लागतातच, पण तिथे जमीनही थोडीच दिसते. क्लोज-अपसाठी निराळं, दाट टेक्स्चर ठेवायला हरकत नाही.

फळ्या गोळा करणं आणि सारख्या करणं

माझ्या मांडणीत फळी 15 सेंटीमीटर रुंद आणि 120 सेंटीमीटर लांब आहे. 4.8 मीटरमध्ये 32 ओळी बसतात आणि प्रत्येक ओळीत 4 फळ्या, एकूण 128. पिक्सेलमध्ये प्रत्येक फळी 1024 बाय 128. ही मापं मुद्दाम अशी घेतली आहेत की कुठेही अपूर्णांक येत नाही. 14 सेंटीमीटरची फळी घेतली असती तर 4.8 मीटरमध्ये 34 ओळी आणि वर थोडी उरलेली चीर, आणि ती चीर टाइलच्या कडेला दर वेळी दिसली असती.

फोटो 128 फळ्यांचे नकोत, 12 पुरतात. फळी दोन मीटर लांब असेल तर तिच्यातून 120 सेंटीमीटरचा तुकडा सुरुवातीपासून, 40 सेंटीमीटरवरून आणि 80 सेंटीमीटरवरून असा तीनदा कापता येतो. प्रत्येक तुकडा अर्धा फेरा, म्हणजे 180 अंश फिरवला की दुप्पट. 12 गुणिले 3 गुणिले 2, झाले 72 तुकडे. 128 जागांवर एकेक तुकडा फार तर दोनदा येतो. आरसा-प्रतिमा करूनही संख्या वाढवता येते, पण मूळ तुकडा आणि त्याची आरसा-प्रतिमा शेजारी आले तर मध्ये फुलपाखरासारखी आकृती तयार होते आणि नजर थेट तिथेच जाते.

एकाच फळीचे तीन तुकडे एकमेकांवर चढलेले आहेत, म्हणून मधल्या भागात गाठ असेल तर ती तिन्हींत येणार. त्यामुळे ठळक गाठी आधीच पुसायच्या. लाकूड निर्जीव दिसेल ही भीती मलाही होती. त्यावर उपाय असा: गाठी पूर्ण सोडायच्या नाहीत, टाइलमधून काढायच्या आणि सीनमध्ये हाताने दोन-चार ठिकाणी डीकल म्हणून चिकटवायच्या. एकदाच आलेली गाठ लाकूड जिवंत करते, नऊदा आलेली तेच लाकूड खोटं पाडते.

यानंतरचं काम दिसत नाही पण फार महत्त्वाचं आहे. फोटो ढगाळ हवेत किंवा सावलीत काढला तरी फळीच्या एका टोकाला उजेड थोडा जास्त असतो. असे 12 फोटो जसेच्या तसे जोडले तर जमिनीवर उजेड-अंधाराचे चट्टे उठतात. जिंपमध्ये Filters → Enhance → High Pass ने हा मोठ्या प्रमाणावरचा फरक निघून जातो आणि बारीक रेषा तेवढ्या राहतात. हे प्रत्येक फळीवर सुटं करा, सगळ्या एकत्र जोडून नको. नाहीतर शेजारच्या फळीचा गडदपणा सांध्यापलीकडे झिरपतो आणि कडेला फिकट झालर दिसते. हाय पासने रंगही उडतो, म्हणून तो थर मूळ सरासरी रंगावर ओव्हरले किंवा ग्रेन मर्ज मोडने बसवायचा.

सगळ्या फळ्या एका सरासरीवर आल्या की मग फरक स्वतःच्या हाताने घालायचा. माझी सरासरी 120 होती (0 ते 255 च्या मोजपट्टीवर) आणि प्रत्येक फळीला मी 112 ते 128 मधला एखादा आकडा दिला. पहिल्या प्रयत्नात 95 ते 145 दिला होता. तेव्हा जमीन गोधडीसारखी दिसली आणि सगळ्यात काळी फळी पुन्हा डोळ्यासारखीच दर 4.8 मीटरवर डोकावू लागली. फरक कमी ठेवण्यापेक्षाही जपायची गोष्ट ही की कुठलीही एक फळी एकटी उठून दिसू नये. सगळ्यात गडद छटा किमान पाच-सहा फळ्यांना द्या, म्हणजे त्यातली एकही ओळखीची होत नाही.

ओळी सरकवणं, आणि पहिली-शेवटची ओळ

ओळीत चार फळ्या सरळ मांडल्या आणि सगळ्या ओळी तशाच ठेवल्या तर उभे सांधे एका रेषेत येतात. जमीन बसवणारे कारागीर शेजारच्या दोन ओळींतले सांधे वीतभर तरी लांब ठेवतात, आणि जिन्याच्या पायऱ्यांसारखी ठरावीक सरकही टाळतात. आपणही तेच करायचं. प्रत्येक ओळ सुटा लेअर ठेवून, तोच Offset वापरून आडवी सरकवायची आणि Wrap around निवडायचं. उजवीकडून बाहेर गेलेला फळीचा तुकडा डावीकडून आत येतो. टाइल शेजारी टाइल लावली की ती फळी आपोआप पूर्ण होते.

मी सुरुवातीला आकडे मनाने टाकत होतो. माणसाचं मन 'वेडंवाकडं' करायला बसलं तरी कुठेतरी चाल धरतंच, म्हणून हे काम पायथॉनवर सोपवलं. आकडे पिक्सेलमध्ये आहेत, फळीची लांबी 1024, सांध्यांतलं किमान अंतर 192, म्हणजे साडेबावीस सेंटीमीटर:

```python
import random
L, MIN, N = 1024, 192, 32

def ok(a, b):
    d = abs(a - b)
    return min(d, L - d) >= MIN

rows = [0]
while len(rows) < N:
    s = random.randrange(0, L, 64)
    last = len(rows) == N - 1
    if ok(s, rows[-1]) and (not last or ok(s, rows[0])):
        rows.append(s)
print(rows)
```

यातली `last` ची अट बघा. टाइल उभी लावली की बत्तिसाव्या ओळीखाली पुन्हा पहिली ओळ येते, म्हणजे त्या दोघी शेजारणी आहेत. चित्र उघडलं की एक वर आणि एक खाली दिसते, म्हणून हे लक्षातच येत नाही. मी ही अट विसरलो होतो तेव्हा दर 4.8 मीटरवर दोन सांधे जवळजवळ एका रेषेत येत होते. जमिनीवर आडवी रेघ नव्हती, तरी काहीतरी ओळीने चाललंय असा भास व्हायचा. तुकडे वाटतानाही हेच: एकच तुकडा शेजारच्या ओळीत नको, आणि पहिली-शेवटची ओळ शेजारची धरायची.

खोलगट रेषांसाठी नॉर्मल मॅप वापरत असाल तर एक खड्डा आहे. फळी 180 अंशांत फिरवली की तिचा नॉर्मल मॅप नुसता फिरवून चालत नाही, त्यातले लाल आणि हिरवा हे दोन्ही चॅनल उलटे करावे लागतात. आडवी आरसा-प्रतिमा केली असेल तर फक्त लाल. चूक झाली तर ओळखायची खूण अशी: खिडकीचा उजेड डावीकडून येत असताना काही फळ्यांच्या रेषा खोलगट दिसतात आणि काहींच्या फुगीर. ही डोकेदुखी नको असेल तर करड्या रंगातला हाइट मॅप आधी रंगाबरोबर तसाच फिरवून जोडा, आणि नॉर्मल मॅप सगळ्यात शेवटी पूर्ण टाइलवरून एकदाच तयार करा. मी आता असंच करतो.

खरी परीक्षा

टाइल तयार झाल्यावर ती मोठी करून बघू नका. मोठं केलं की सुंदर रेषा दिसतात आणि आपण स्वतःवर खूश होतो. चार बाय चार अशा सोळा टाइल लावा, चित्र 300 पिक्सेलपर्यंत लहान करा आणि कॉन्ट्रास्ट वाढवा. बारीक रेषा नाहीशा होतात, उरतात ते फक्त गडद-फिकट ठिपके. त्यांच्यात जाळी दिसली तर रेंडरमध्येही ती दिसणारच, कारण जमीन लांब जाते तिथे एका पिक्सेलमध्ये बऱ्याच रेषांची सरासरी येते आणि कॅमेराही जवळपास हेच लहान चित्र पाहत असतो. मला दोनदा एकच गडद जोडी सापडली. फळ्यांची अदलाबदल केली, पुन्हा लहान करून पाहिलं, तेव्हा कुठे जाळी मोडली.

एवढं करूनही रेंडरमध्ये एक जागा फसवते, ती म्हणजे चकाकी. खिडकीचं प्रतिबिंब जमिनीवर लांबट पसरतं आणि रफनेसमधला बारीकसा फरक तिथे दहापट उठून दिसतो. रंग निर्दोष असला तरी रफनेस मॅपमध्ये पुसल्याचा एखादा ओरखडा असेल तर तो चकाकीत ओळीने उमटतो. म्हणून रफनेससाठी टाइलवर विसंबू नका. फळीच्या रेषा टाइलमधून घ्या, पण डाग, पुसटपणा, वापराने आलेली चमक यासाठी ब्लेंडरमध्ये Noise Texture घ्या, मोठ्या मापाचं, आणि त्याने रफनेस किंचित कमी-जास्त करा. त्याचा आणि टाइलचा आवर्त जुळत नाही, म्हणून दोन्ही मिळून जाळी धरत नाहीत. रफनेसच्या इमेजला Color Space मध्ये Non-Color द्यायला विसरलात तर सगळी जमीन चुकीची चमकेल आणि दोष टेक्स्चरवर जाईल.

हॉल नाही, ऑफिस असेल तर

40 फूट लांब ऑफिसला 4.8 मीटरची टाइल अडीच वेळा लागते. इथे तयार चित्रापेक्षा शेडरमध्येच फळ्या मांडणं बरं. ब्लेंडरचा Brick Texture नोड पहिल्यांदा मोहात पाडतो, पण त्यात ओळींची सरक ठरावीक असते, दर काही ओळींनी तीच पुन्हा येते. त्याऐवजी Math आणि White Noise Texture या नोड्सनी खालचं गणित बसवता येतं (मापं मीटरमध्ये):

```
row   = floor(v / 0.15)
shift = noise(row) * 1.2
col   = floor((u + shift) / 1.2)
id    = noise(row, col)
```

प्रत्येक फळीला स्वतःचा `id` मिळतो, 0 ते 1 मधला. त्यावरून 12 फळ्यांपैकी कुठली घ्यायची, ती कुठून कापायची, उलटी करायची का आणि किती गडद करायची, हे सगळं ठरवता येतं. टाइलच उरत नाही, त्यामुळे जमीन कितीही मोठी केली तरी मांडणी पुन्हा येत नाही. इथे मात्र शेजारच्या सांध्यांचं किमान अंतर हातात राहत नाही. पन्नास ओळींत दोन-चार ठिकाणी सांधे चिकटतातच, आणि ते कॅमेऱ्यासमोर आले तर `noise` चा सीड बदलून पाहावं लागतं. गेम इंजिनमध्ये हेच केलं तर फळीच्या कडेला बारीक, चमचमत्या रेघा येतात, कारण तिथे टेक्स्चरची जागा एकदम उडी मारते आणि इंजिन चुकून फार लहान मिपमॅप, म्हणजे टेक्स्चरची लहान केलेली प्रत, निवडतं. GLSL मध्ये `textureGrad` ला मूळ, न तुटलेल्या `u`, `v` चे डेरिव्हेटिव्ह दिले की त्या जातात.

वाळू-गवतासाठी टाइलचे तुकडे विस्कटून एकमेकांत मिसळण्याच्या छान पद्धती आहेत. हाइट्झ आणि नेरे यांनी 2018 मध्ये मांडलेली त्यातली एक बरीच वापरली जाते. पण त्या पद्धतींना सरळ रेषा झेपत नाहीत. फळीवर वापरली तर दोन फळ्यांच्या कडा एकमेकींत विरघळतात आणि जमिनीवर पाणी सांडल्यासारखं दिसतं.

त्या हॉलची जमीन मी पुन्हा केली. यावेळी बाईंनी लाकडाबद्दल चकार शब्द काढला नाही, पडद्याचा रंग तेवढा बदलायला सांगितला. पुढे त्यांच्या घरी लॅमिनेट बसवलं गेलं तेव्हा मी गेलो होतो. लॅमिनेटवर लाकडाची छपाई असते, त्यामुळे त्याच्याही पट्ट्या ठरावीक नमुन्यांतच येतात. फिटरने आधी चार खोकी एकदम फोडली, पट्ट्या भिंतीला टेकवून उभ्या केल्या, आणि प्रत्येक ओळीला वेगवेगळ्या खोक्यातून एकेक उचलत गेला. खिडकीजवळ दोन सारख्या गाठी शेजारी आल्या तेव्हा त्याने एक पट्टी काढली, उलटी फिरवून पाहिली, आणि सोफ्याखाली जाणाऱ्या ओळीसाठी बाजूला ठेवली.